अजी, मैंच हूँ : आयसीयूतल्या जोडीदारासाठी घरच्या बोलीतली चिठ्ठी

बऱ्याच दवाखान्यांत आयसीयूत नातेवाइकांना दिवसातून दोनदा, थोड्याच मिनिटांसाठी सोडतात. चप्पल बाहेर काढायची, हात धुवायचे, एकानंच आत जायचं. आत गेल्यावर नवऱ्याच्या तोंडातली नळी दिसते, सुजलेले हात दिसतात, आणि काय बोलायचं ते सुचत नाही. मग डोळ्यांना पाणी येतं, नाहीतर 'काळजी करू नका, सगळं ठीक होईल' एवढं बोलून आपण बाहेर पडतो. मिनिटं संपतात आणि पडलेल्या माणसाला जे कळायला हवं होतं ते सांगायचंच राहून जातं. म्हणून ती चिठ्ठी बाहेरच्या बाकावर बसून आधी लिहावी. आत जाऊन ती वाचून दाखवावी आणि आपण नसताना दुसऱ्या कुणाला वाचता यावी म्हणून तिथेच ठेवावी.

पण लिहायची कोणत्या भाषेत? सांगली, सोलापूर, कोल्हापूर, लातूर भागांतल्या आपल्या कित्येक घरांत शाळा मराठी, लग्नपत्रिका उर्दूत आणि चुलीपाशी दखनी. कोकणात तीच जागा कोकणीची. कागद हातात आला की आपण चुलीची भाषा सोडतो. ती लिहायची नसते, असं कुणीतरी आपल्याला लहानपणीच शिकवून ठेवलंय.

नर्सिंगच्या नोकरीत मी बरीच वर्षं काढली. त्यातलं एक घर सांगते, नाव-गाव सोडून. सांगली जिल्ह्यातला बागवान, साठीचा, केळी-डाळिंबाचा व्यापार. न्युमोनिया झाला, दम लागला, व्हेंटिलेटर लावावा लागला. चौथ्या दिवशी गुंगीचं औषध कमी केल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि पहिला हात नळीकडे गेला. म्हणून दोन्ही मनगटं मऊ पट्ट्यांनी पलंगाला बांधली. ते छताकडे बघायचे, मध्येच घाबरून उठायला बघायचे. रात्री हे वाढायचं.

या अवस्थेला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत ती खूप दिसते. जंतुसंसर्ग, कमी ऑक्सिजन, गुंगीची औषधं, दिवस-रात्र न कळणारी झोप, या सगळ्यानं मेंदूचा तोल जातो. माणसाला वाटतं, आपल्याला कुणी धरून आणलंय, बांधून ठेवलंय, आणि ओरडतोय तर आवाजही निघत नाही. यातलं बांधलेलं आणि आवाज न निघणं तर खरंच असतं. कारण तेवढं त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

कॉलेजात शिकणाऱ्या मुलानं आईच्या वतीनं मोठ्या अक्षरांत लिहून आणलं : 'आप हिम्मत न हारें, इन्शाअल्लाह बहुत जल्द सेहतयाब होकर घर तशरीफ लाएँगे. आपके बग़ैर घर वीरान है.' पोरानं मनापासून लिहिलं होतं. पण पस्तीस वर्षांच्या संसारात त्या बाईनं नवऱ्याला 'तशरीफ' हा शब्द एकदाही वापरला नव्हता! अर्धवट शुद्धीतल्या माणसाला हा आवाज आपल्या घरचा आहे हे ओळखता यायला हवं, आणि हे वाक्य तर एखाद्या जलशातल्या निवेदकाचं. शिवाय त्यात त्याच्या भीतीला एकही उत्तर नव्हतं. मी कुठे आहे? बोलता का येत नाही? हात का बांधलेत? वर घर वीरान झाल्याची एक नवी काळजी.

मी बाईंना म्हटलं, तुम्ही रात्री दिवा मालवताना त्यांच्याशी जसं बोलता तसं सांगा, मी लिहून घेते. त्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. म्हणाल्या, द्या कागद, मीच लिहिते. त्यांनी देवनागरीत लिहिलं ते असं :

'अजी, मैंच हूँ. डरो नक्को. आज जुम्मा है, दुपार के चार बजे हैं. तुम मिरज के दवाखाने में हैं. छाती में कफ भर्या था, सास नै होती थी. सास लेने कू मदत होना करको डाक्टरां गले में नळी डाले हैं. नळी है तब तलक आवाज नै निकलता. नळी निकाले की आवाज आता. हातां बांदे सो नळी खिंचना नै करको. कोई तुमना पकड़को नै रखे. घर में सब बराबर है. बकरी दो बच्चे दी, एक काला, एक चित्तरया. मैं दरवाजे के भारच बैठी हूँ. शाम कू सात बजे फिर आती. जवाब देना नक्को. आँखां मिटो.'

या चिठ्ठीत काय कुठे आहे ते बघण्यासारखं आहे. आधी कोण बोलतंय ते, मग वार आणि वेळ, मग जागा. डिलिरियममधल्या माणसाचं पहिलं हरवतं ते हेच. जुम्मा हा शब्द त्यांच्यासाठी तारखेपेक्षा पक्का, कारण त्या दिवशी दुकान दुपारी बंद असायचं. नंतर नळी. ती स्वरयंत्राच्या पट्ट्यांमधून श्वासनळीत जाते, म्हणून आवाज फुटत नाही. काढल्यावर काही दिवस तो बसलेला असू शकतो, एवढंच. हे न कळलेल्या माणसाला आपली वाचा कायमची गेली असं वाटतं. मग हात का बांधलेत त्याचं कारण. आणि मग बकरी. बकरीवर मुलगा जरा नाराज होता, आजारी माणसाला काय बकरीचं सांगायचं म्हणून. मला विचाराल तर त्या कागदावरचं सर्वांत औषधी वाक्य तेच. ज्या घरात बकरी व्याली आणि पिलांचे रंग बघायला लोकांना सवड आहे, त्या घरात आकाश कोसळलेलं नसतं. 'सब बराबर है' हे नुसतं म्हटलं तर खोटं वाटू शकतं, चित्तऱ्या पिलानं ते खरं होतं.

'फिर आती' सोबत वेळ आहे, आणि ती पाळता येईल अशीच आहे. 'कल घर कू जाते' असं त्यांनी लिहिलं नाही. ते कुणाच्याच हातात नव्हतं, आणि उद्याचा दिवस उजाडून तसाच गेला की पुढच्या चिठ्ठीवरचा विश्वासही जातो. प्रश्नही एकच नाही. 'ओळखलंत का? दुखतंय का?' असं विचारलं की नळी असलेला माणूस उत्तर द्यायला धडपडतो आणि खोकल्याची उबळ येते. दुखतंय का हे विचारायचंच असेल तर हात हातात घेऊन, एकच, हो-नाहीचं.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट होते, ती जपून सांगते. हजला किंवा लांबच्या सफरीला निघताना आपण 'कहा-सुना माफ करो' म्हणतो. आयसीयूत मन भरून आलं की तेच शब्द ओठांवर येतात. ऐकणाऱ्याला त्यातून एकच कळतं, की हे मला निरोप द्यायला आलेत. उशाशी मोठ्यानं यासीन पढण्याचंही तसंच. कित्येकांनी ती आपल्या अम्मी-अब्बांच्या शेवटच्या घटकेला ऐकलेली असते. दुआ अवश्य करावी, पण त्याच्या कानाशी तीच, जी तो स्वतः रोज झोपताना पुटपुटतो. माफी बाहेर बाकावर बसून मनात मागता येते.

कागदाचंही थोडं बघावं लागतं. पूर्ण पानावर, जाड पेनानं, अर्ध्या बोटाएवढी अक्षरं, एका ओळीत चार-पाचच शब्द. दहा-बारा वाक्यांपेक्षा जास्त नको. पान पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालावं, म्हणजे ते पुसता येतं. ते पलंगाशी ठेवू का, हे सिस्टरांना विचारून घ्यावं. चष्मा आणि कानाचं मशीन घरी राहिलेलं असेल तर तेही आणून द्यावं, नाहीतर चिठ्ठी वाया. दखनीचं शुद्धलेखन कुठल्या पुस्तकात बघत बसू नये. जसं तोंडून येतं तसं लिहावं. रात्रपाळीला केरळची सिस्टर होती, मराठी बेताचं, पण हिंदी वाचता येत होती. तिनं तीच ओळ रात्री दोन वाजता वाचली, 'डरो नक्को, मैं दरवाजे के भारच बैठी हूँ.' उच्चार तिचे होते, शब्द घरचे होते. वार आणि वेळ मात्र रोज बदलायला हवी. दोन दिवसांपूर्वीचा जुम्मा समोर राहिला तर आधीच गोंधळलेला माणूस जास्त गोंधळतो.

ऐकू जातंय का, हे मॉनिटरच्या आकड्यांवरून ठरवू नये. नाडी वाढली की घरचे म्हणतात, ओळखलं! ती भीतीनंही वाढते. कपाळावरची आठी सैल झाली, मूठ उघडली, श्वास मशीनशी भांडेनासा झाला, तर चाललंय ते बरं आहे. तळमळ वाढली तर थांबावं, नुसता हात धरून बसावं. गाढ गुंगीत असेल तर त्यातलं किती पोचतं ते कुणीच सांगू शकत नाही, तरी त्याच शब्दांत बोलावं. तो माणूस भिंतीवर लोक दिसतात म्हणाला तर वाद घालू नये आणि हो-ला हो-ही करू नये. 'तुम दवाखाने में हैं, मैं हूँ' एवढंच पुन्हा सांगावं. चिठ्ठीनं डिलिरियम बरं होत नाही, त्याचं कारण डॉक्टरांनाच शोधावं लागतं. आणि एक प्रकार गप्प असतो. माणूस तळमळत नाही, नुसता टक लावून पडून राहतो, आणि घरचे म्हणतात, आता शांत झालेत. ते 'शांत होणं' सिस्टरांच्या कानावर लगेच घालावं, कारण त्याचा नेहमीचा स्वभाव कसा आहे हे दवाखान्यात बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नसतं.

डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वेकडे रुग्ण बेशुद्ध असताना सिस्टर आणि घरचे मिळून रोजची छोटी वही लिहितात आणि नंतर त्याला देतात, कारण त्या दिवसांची त्याची आठवण एक तर कोरी असते नाहीतर भलत्याच भयाण चित्रांनी भरलेली. या वह्यांचा नंतरच्या मानसिक त्रासावर किती उपयोग होतो, याबद्दल अभ्यासांचं एकमत नाही. 2010 मध्ये युरोपातल्या एका अभ्यासात चांगला फायदा दिसला, 2019 मध्ये फ्रान्समधल्या मोठ्या अभ्यासात तसा दिसला नाही. म्हणून मी कुणाला वहीची सक्ती करत नाही. पण तारीख टाकलेल्या चिठ्ठ्या फेकू नका, एवढं सांगते.

बागवानांची नळी सातव्या दिवशी निघाली. घरी गेल्यावर महिनाभरानं ते तपासणीला आले तेव्हा आवाज अजून थोडा घोगरा होता. मध्यरात्री दोन माणसांनी आपल्याला ट्रकमध्ये बांधलं होतं, असं त्यांना पक्कं आठवत होतं. बाईंनी पिशवीतून सहा कागद काढून टेबलावर तारखेनं मांडले. त्यांनी पहिला उचलला, चष्मा लावून 'हातां बांदे सो' ही ओळ दोनदा वाचली, मनगटाकडे बघितलं, आणि बायकोला विचारलं, चित्तऱ्या पिलाला विकलं तर नाही ना?