सव्वातीनशे रुपयांचा क्लेम

गाडी मागे घेताना सोसायटीच्या पार्किंगमधला खांब दिसत नाही. आवाज येतो, बंपर चेपतो आणि घाबरलेला मालक त्याच संध्याकाळी विमा कंपनीला फोन करून क्लेम टाकतो. दोन दिवसांनी गॅरेजवाला नीट पाहून सांगतो, ‘बंपर बदलायला नको, डेंटिंग-पेंटिंगमध्ये भागेल.’ एस्टिमेट येतं ४,२०० रुपयांचं. खरा हिशेब इथून सुरू होतो.

उदाहरणादाखल १,१९७ सीसीची, चौथ्या वर्षातली एक कार घेऊ. १,५०० सीसीपर्यंतच्या खासगी कारला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपयांची सक्तीची वजावट असते. विम्याच्या भाषेत कंपल्सरी डिडक्टिबल. या मालकाने हप्ता कमी व्हावा म्हणून पॉलिसी घेताना २,५०० रुपयांची ऐच्छिक वजावटही स्वीकारली होती. म्हणजे पहिले ३,५०० रुपये त्याच्याच खिशातून जायचे.

बिलातले १,२०० रुपये मजुरीचे आणि ३,००० रुपये रंगकामाचे. रंगकामाच्या एकत्रित बिलातला पाव हिस्सा, म्हणजे ७५० रुपये, रंगसाहित्याचा धरतात आणि त्यावर ५० टक्के घसारा कापतात. ३७५ रुपये तिथे गेले. उरलेल्या ३,८२५ मधून वजावट काढली की कंपनी देणार ३२५ रुपये.

दुसऱ्या पारड्यात नो क्लेम बोनस आहे. एकही क्लेम न घेतलेल्या सलग वर्षांगणिक ही सवलत २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशी चढते. ती फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर मिळते, थर्ड पार्टीच्या हप्त्यावर नाही. या मालकाला यंदा ३५ टक्के मिळाली होती, पुढच्या नूतनीकरणाला ४५ मिळणार. ओन डॅमेजचा मूळ हप्ता ८,००० रुपये धरला, तर ३,६०० रुपयांची सूट. क्लेम घेतला, तर ती शून्यावर येते आणि शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते. बोनस वाचवणारं जोडकलम पॉलिसीत असेल, तर मात्र गणित बदलतं.

म्हणून क्लेम मागे घ्यायचा. पण त्याआधी बंपर उतरवून मागची पट्टी, सेन्सर आणि डिकीचं झाकण तपासून घ्यायचं. आतली मोड नंतर उघडकीस आली, तर मागे घेतलेला क्लेम पुन्हा उभा करणं अवघड जातं. अपघातात दुसऱ्या कोणाला इजा किंवा नुकसान झालं असेल, तर हा मार्ग नाही. ती माहिती कंपनीला द्यावीच लागते.

‘राहू द्या, नको क्लेम,’ एवढं गॅरेजमध्ये सांगून काम संपत नाही. बोनससाठी सरत्या वर्षात दावा केलेला किंवा प्रलंबित नसावा, अशी नियमाची भाषा आहे. पैसे न देता बंद झालेला क्लेम कंपन्या सहसा बोनसच्या आड आणत नाहीत. अर्धवट उघडा राहिलेला मात्र नूतनीकरणाच्या वेळी बोनस अडवू शकतो. त्यामुळे कंपनीकडे नोंदवलेल्या ई-मेलवरूनच, पैसे मंजूर होण्याआधी, पत्र जायला हवं. विषयाच्या ओळीत पॉलिसी, क्लेम आणि गाडीचा क्रमांक लिहायचा. मजकूर असा:

‘वरील क्लेम मी स्वेच्छेने मागे घेत आहे. दुरुस्तीचा खर्च ४,२०० रुपये असून तो ३,५०० रुपयांच्या एकूण वजावटीच्या जवळपास आहे. दुरुस्ती मी स्वखर्चाने करत आहे. या क्लेमपोटी मला किंवा गॅरेजला कोणतीही रक्कम मिळालेली नाही. अपघातात अन्य कोणाला इजा किंवा नुकसान झालेले नाही. कृपया हा क्लेम “रक्कम न देता बंद” असा नोंदवावा, माझा नो क्लेम बोनस कायम ठेवावा आणि दोन्ही गोष्टी लेखी कळवाव्यात.’

यातलं रक्कम न मिळाल्याचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. कॅशलेस गॅरेजने परस्पर बिल पाठवलं असेल, तर आधी ते रद्द करून घ्यावं लागतं, नाहीतर पत्र एक सांगतं आणि कंपनीची नोंद दुसरंच. दुरुस्तीची पावती मालकाच्या नावाची हवी.

कंपनीचं उत्तर जपून ठेवावं. पुढच्या वर्षी विमा कंपनी बदलली, तर नवी कंपनी जुन्या कंपनीकडे बोनसची खातरजमा करते आणि चुकीचं निवेदन आढळलं, तर ओन डॅमेजचं संरक्षणच धोक्यात येतं. लेखी उत्तर हाती असेल, तर हा प्रश्न एका ई-मेलमध्ये मिटतो.

उत्तर आलंच नाही किंवा बोनस नाकारला, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहावं. तिथेही दाद लागली नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे त्यांची कार्यालयं आहेत आणि तक्रारीला शुल्क नाही.

नूतनीकरणाची नोटीस आली की त्यातला बोनसचा आकडा पाहायचा. या मालकाच्या कागदावर ४५ टक्के दिसायला हवेत. शून्य दिसलं, तर हप्ता भरण्याआधीच क्लेम बंद झाल्याचं उत्तर जोडून नोटीस दुरुस्त करून घ्यायची. मात्र या पत्रव्यवहारात मुदत उलटू द्यायची नाही. पॉलिसी संपून ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही, तर इतक्या खटाटोपाने राखलेला बोनस तसाही जातो.