मुनिया कुठल्या खांद्यावर

नाशिकच्या जुन्या गल्लीतलं शिंप्याचं दुकान. मी फॉल-पिकोला दिलेली साडी न्यायला आले आहे आणि ती अजून मशीनवरच आहे, म्हणून बाकावर बसून राहते. मास्तर कटिंगच्या टेबलापाशी उभे आहेत, गळ्यात टेप. त्यांच्या हाताखाली वर्षभर शिकणारी मुलगी खाली बसून हुक लावते आहे.

समोर पन्नाशीच्या एक काकू. दोन वर्षं भरलेल्या भिशीतून घेतलेली येवल्याची पैठणी त्यांनी टेबलावर उलगडली आहे. जांभळं अंग आणि दोन इंचांचा बारीक काठ. काठावर मुनिया, म्हणजे हिरव्या पोपटांची रांग. काकूंनी मोबाइल पुढे केलाय. फोटोत एक सडपातळ मुलगी पाठमोरी उभी, पाठीवर मोठा गोल मटका गळा आणि गळ्याभोवती फिरलेली जरीची नक्षी.

"अस्साच हवाय. मुलाच्या लग्नात घालायचाय."

मास्तर फोटो मोठा करून बघतात. "हा गोल नाही व्हायचा, काकू."

काकूंचा चेहरा उतरतो. "माझ्या वयाला शोभणार नाही, असं सरळ सांगा ना."

मास्तर गडबडतात. "तसं नाही हो. काठ वळत नाही." पण काकूंनी पैठणीची घडी घालायला घेतली आहे.

मुलगी सुई गादीला टोचून उठते. "काकू, दोन मिनिटं तुमच्या पाठीचा फोटो काढू? तुमच्याच फोटोवर दाखवते."

काकू नाखुशीनेच भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतात. अंगावर साधा सुती ब्लाउज, पदर पुढे घेतलेला. मुलगी त्यांच्या मानेपासून कमरेपर्यंत मधोमध टेप सोडते आणि दोन टाचण्यांनी ब्लाउजला टेकवते. पहिला फोटो ती उभ्यानेच काढते, बघते आणि पुसून टाकते.

"का गं?" मी विचारते.

"वरून आला. टेपवरचा पहिला इंच मोठा दिसतोय, दहावा बारका. यावर गळा काढला तर खोली चुकेल." ती चार पावलं मागे जाऊन स्टुलावर बसते, मोबाइल पाठीच्या मध्याच्या उंचीला सरळ धरते. आता वरचा इंच आणि खालचा इंच सारखे. मग पैठणीचा ब्लाउजपीस टेबलावर सपाट पसरते, काठाला लागून तोच टेप ठेवते आणि बरोबर वरून दुसरा फोटो काढते.

पुढचं काम बोटांचं. काठाची पट्टी फोटोतून कापून ती पाठीच्या फोटोवर ठेवते आणि चिमटीने लहान करत नेते. दोन्ही टेपांचे इंच जुळले की थांबते. "आता हा काठ पाठीवर खरा दोन इंचांचा आहे. आणि सरळ आहे. मी तो वाकवणार नाही, कारण कापडात वाकणार नाही."

गोल गळ्यावर ती पट्टीचे छोटे तुकडे तिरके तिरके मांडते. प्रत्येक सांध्यावर पोपटाची चोच दुसऱ्याच्या शेपटीवर चढते. मास्तरांना शब्द सापडतात. "बाहेरचा घेर मोठा, आतला लहान. पट्टीच्या दोन्ही कडा मात्र सारख्याच लांब. आतल्या कडेला चुण्या पडणारच. तुमच्या फोटोतला काठच नाही काकू, तिथल्या तिथे केलेलं भरतकाम आहे."

काकू मान पुढे काढून बघतात. घडी घालणारा हात थांबला आहे.

मुलगी तुकडे पुसते आणि चौकोनी गळा काढते, तळाला सहा इंच रुंद, नऊ इंच खोल. पट्टी एका खांद्यावरून खाली, कोपऱ्यात तिरकी दुमडून आडवी, पुन्हा दुमडून वर. काकूंच्याच पाठीवर, काकूंच्याच अंबाड्याखाली तो गळा बसतो.

"अगंबाई," काकू हळूच म्हणतात. "ही माझी पाठ?"

मास्तर मात्र हिशेबात शिरले आहेत. "काठ पुरतोय का बघ."

ब्लाउजपीस ऐंशी सेंटिमीटरचा, म्हणजे साडेएकतीस इंच. काठ दोन्ही कडांना. एका कडेचा बाह्यांना जाणार: दंडघेर बारा, माया दोन, असे चौदा दुणे अठ्ठावीस. गळ्याला राहिली दुसरी कड. मुलगी कागदावर मांडते. पट्टीची लांबी बाहेरच्या कडेने मोजायची, कारण कोपऱ्यात जास्तीचं कापड आत दुमडलं जातं. दोन्ही बाजू नऊ अधिक दोन, अकरा-अकरा. तळ सहा अधिक दोन अधिक दोन, दहा. बत्तीस झाले. खांद्याच्या शिलाईला आणखी एक.

"तेहतीस. दीड इंच कमी पडतोय."

"मग?"

"खोली आठ केली तर बाजू दहा-दहा. तळ दहा. माया धरून एकतीस." ती फोटोतला गळा इंचभर वर सरकवते. काकू आधीच्या आणि आताच्या पाठीकडे आळीपाळीने बघतात. "आठच बरा दिसतोय," म्हणतात. कुणी त्यांना आठाला तयार केलेलं नाही.

मास्तर टेप हातात घेतात. "एक सांगतो. फोटोत खांदा घसरत नाही, अंगावर घसरतो. मागचा गळा एवढा उतरला की खांदे बाहेर पळतात. मी खांदा अर्धा इंच आत घेईन आणि वर दोरी लावेन. ती शोभेची नाही, दोन्ही बाजू धरून ठेवायला."

"लटकन लावाल ना तिला?"

"लावू की."

काकू हसतात आणि पुन्हा फोटोत डोकं घालतात. एकदम बोट टेकवतात. "हे बघ, डावीकडचे पोपट वर चढतायत आणि उजवीकडचे खाली उतरतायत."

पट्टी सलग फिरली की तसंच होणार. तळाचे पोपट पाय खाली करून नीट उभे आहेत, एका बाजूचे चढते, एका बाजूचे उतरते. "पण पदर डाव्या खांद्यावरून मागे येतो," काकू म्हणतात. "चढणारे सगळे पदराखाली जाणार. लोकांना उतरणारेच दिसणार."

हे ना मास्तरांच्या लक्षात आलं होतं, ना मुलीच्या, ना माझ्या. मुलगी एक बटण दाबते आणि पट्टी आरशातल्यासारखी उलटते. चढणारे उजवीकडे आले, तळाचे पोपट पायांवरच उभे.

"फोटोत होतं गं," मास्तर म्हणतात. "कापडात कसं करशील? पट्टी नुसती फिरवलीस तर तळाचे डोक्यावर उभे राहतील. पालथी केलीस तर मागची बाजू वर येईल."

मुलगी गप्प. मास्तर ब्लाउजपीसचं टोक उचलतात, पालथं करून उजेडात धरतात. मागे सुटे धागे नाहीत. तीच जर, तेच हिरवे पोपट, फक्त तोंडं दुसरीकडे. हातमागावर एकेक रंग गुंतवून विणलेली पैठणी, दोन्ही बाजूंनी सारखी.

"होईल," मास्तर म्हणतात.

ते पावतीपुस्तक मुलीपुढे सरकवतात. ती लिहिते: मागचा गळा चौकोनी ८, दोरी, लटकन. मग थोडं थांबून खाली आणखी एक ओळ घालते: गळ्याची पट्टी पालथी लावणे.