पियाजे, व्हायगॉट्स्की आणि मधली रेघ

बी.एड.च्या मानसशास्त्राच्या जुन्या प्रश्नपत्रिका चाळल्या की पियाजे आणि व्हायगॉट्स्की यांच्यातला फरक विचारणारा प्रश्न शब्द बदलून भेटत राहतो. उत्तराचा साचाही ठरलेला असतो: डावीकडे मुद्दा, मध्ये पियाजे, उजवीकडे व्हायगॉट्स्की आणि खाली सहा-सात ओळी. मला हा साचा आवडतो. विद्यार्थ्याला खरंच तुलना करता येते का, हे त्यात लपत नाही. पण उत्तरं तपासताना पुष्कळदा असं दिसतं, की दोन स्वतंत्र टिपणं शेजारी ठेवून मध्ये फक्त रेघ मारली आहे.

उदाहरणार्थ, एका ओळीत पियाजेच्या रकान्यात त्याच्या चार अवस्था येतात: जन्म ते 2 वर्षं, 2 ते 7, 7 ते 11 आणि त्यापुढची. समोर लिहिलेलं असतं, ‘समीपस्थ विकास क्षेत्र’. दोन्ही नोंदी बरोबर आहेत, पण त्यांचा एकमेकींशी संबंध लागत नाही. डावीकडे मुद्दा म्हणून नुसतं ‘सिद्धांत’ असं लिहिलेलं असतं आणि त्या शब्दाखाली काहीही खपून जातं.

यावर मी एकच उपाय सांगते. मुद्द्याच्या जागी प्रश्न लिहायचा, दोघांनाही उत्तर द्यावं लागेल असा. ‘शिकणं आधी की विकास आधी?’ असं विचारलं की त्याच दोन नोंदी एकमेकींशी बोलू लागतात. पियाजे म्हणतो, विकास आधी. मुलाची विचार करण्याची पद्धत विशिष्ट टप्प्यावर आल्याशिवाय त्याला शिकवलेलं खऱ्या अर्थाने कळत नाही, आणि अवस्था याच म्हणण्याचा आधार आहेत. व्हायगॉट्स्की म्हणतो, चांगलं शिकवणं विकासाच्या एक पाऊल पुढे चालतं. त्याने दोन मुलांचं उदाहरण दिलं आहे. चाचणीत दोघांचंही मानसिक वय 8 येतं. मात्र मोठ्या माणसाने थोडी मदत केल्यावर एक जण 12 वर्षांच्या मुलाची कोडी सोडवतो आणि दुसरा 9 वर्षांपर्यंतच पोचतो. एकट्याने जमणारं आणि मदतीने जमणारं यांच्यातलं हे अंतर म्हणजेच समीपस्थ विकास क्षेत्र.

याच उजव्या रकान्यात विद्यार्थी एक चूक हमखास करतात. मुलाला लागेल तेवढा आधार द्यायचा आणि तो हळूहळू काढून घ्यायचा, या कल्पनेला ‘स्कॅफोल्डिंग’ म्हणतात. ही संज्ञा व्हायगॉट्स्कीची म्हणून लिहिली जाते. प्रत्यक्षात ती वुड, ब्रूनर आणि रॉस यांच्या 1976 च्या लेखातून रूढ झाली. व्हायगॉट्स्की तर 1934 मध्येच क्षयाने गेला होता, वयाच्या अवघ्या 37 व्या वर्षी.

तक्त्यातली सगळ्यात मोलाची ओळ मात्र बरेच जण लिहीतच नाहीत: खेळताना मूल स्वतःशी मोठ्याने बोलतं, ते कशासाठी? इथे दोघं एकाच गोष्टीकडे बघत होते. पियाजेने 1923 च्या पुस्तकात या बोलण्याला आत्मकेंद्रित म्हटलं. ऐकणाऱ्याला कळेल की नाही याचा विचार मूल अजून करत नाही. मूल सामाजिक होत गेलं की असं बोलणं ओसरतं. व्हायगॉट्स्कीने हे पडताळून पाहिलं. मूल चित्र काढायला बसलं की हवी ती रंगीत पेन्सिलच तिथे नसायची. अशी अडचण आली की स्वतःशी बोलणं जवळजवळ दुप्पट व्हायचं. निळी पेन्सिल नाही, मग लाल पेन्सिलीने काढू आणि ओली करून गडद करू, असा मार्ग मूल बोलता बोलता शोधायचं. म्हणजे हे बोलणं विचाराचं साधन होतं. ते पुढे विरत नाही, तर आत जातं आणि मनातली वाचा बनतं, असं व्हायगॉट्स्कीने मांडलं.

ही ओळ रकान्यात अशी बसते:

| मुद्दा | पियाजे | व्हायगॉट्स्की |
|---|---|---|
| स्वतःशी बोलणं कशासाठी? | अपक्व विचाराची खूण | अडचण सोडवण्याचं साधन |
| त्याचं पुढे काय होतं? | ओसरतं | आत जाऊन मनातली वाचा बनतं |

ओळ बरोबर जमली का, हे बघायची माझी रीत साधी आहे. डावा रकाना हाताने झाकायचा आणि उरलेली दोन वाक्यं मित्राला वाचून दाखवायची. प्रश्न काय होता ते त्याला सांगता आलं, तर ती तुलना झाली.

तक्त्याला काळ मात्र दाखवता येत नाही, म्हणून त्याखाली दोन-चार वाक्यं लिहावीच लागतात. 1896 मध्ये जन्मलेले हे दोघं शेजारच्या रकान्यांत बसून वाद घालत आहेत असं वाटतं, पण व्हायगॉट्स्कीच्या हयातीत त्याला पियाजेचं उत्तर मिळालं नाही. त्याचं पुस्तक 1962 मध्ये इंग्रजीत आलं, तेव्हा पियाजेने त्यावर टिपण लिहिलं. दिवंगत सहकाऱ्याची टीका इतक्या उशिरा हाती यावी याचं दुःख त्यात आहे. स्वतःशी बोलण्यातून मनातली वाचा घडते, हे व्हायगॉट्स्कीचं म्हणणं त्याने तिथे मान्य केलं. आत्मकेंद्रितपणाची आपली कल्पना मात्र सोडली नाही. तक्त्यातली दुसरी ओळ लिहिणाऱ्याने ही सहमती खाली नोंदवायलाच हवी, कारण 1923 चा पियाजे आणि 1962 चा पियाजे त्या रकान्यात वेगळी उत्तरं देतात.