देव्हारा शोधणाऱ्यापर्यंत पोहोचणारे पान

फर्निचरच्या वर्कशॉपने मराठीत लिहायला घेतले की पहिले पान बहुधा ‘आमची उत्पादने’ या नावाचे होते आणि त्यात देव्हारा, दिवाण, कपाट, झोपाळा असे सगळे एकत्र येते. माझ्या मते विक्रीच्या दृष्टीने सर्वात महागात पडणारी चूक हीच. गूगल शोधाच्या उत्तरात पूर्ण संकेतस्थळ नव्हे, एकेक पान दाखवते, आणि ‘सागवानी देव्हारा किंमत’ असे टाइप करणाऱ्याच्या प्रश्नाला त्या पानावर नेमके उत्तर नसते. म्हणून देव्हाऱ्याला स्वतःचे पान हवे. शीर्षक ‘सागवानी देव्हारा: मापे, लाकूड आणि किंमत’ असे असावे, आणि मजकुरात रुंदी-उंची इंचांत, सागवान पूर्ण आहे की पाठीला प्लायवुड, पॉलिश कोणते, किंमत कुठून सुरू होते, घरपोच कुठवर, हे सरळ वाक्यांत यावे. फोटोत लिहिलेल्या मापांवर विसंबू नये. तीच मापे मजकुरातही हवीत. पत्ता `/sagwani-devhara` असा रोमन ठेवला तर बरे, कारण देवनागरी पत्ता कॉपी केला की अनेकदा टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते आणि व्हॉट्सअॅपवर आलेली ती माळ पाहून गिऱ्हाईक बिचकते.

यावर आक्षेप येतो की लोक ‘sagwan devhara price’ असेच टाइप करतात, मग मराठीत लिहून काय उपयोग? आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही. सर्च कन्सोल हे गूगलचे मोफत साधन, कोणत्या शब्दांवर पान दिसले आणि किती जणांनी क्लिक केले, हे दाखवते. फार क्वचित आलेले शोध त्यात लपवलेले असतात, एवढी मर्यादा धरावी. रोमन शब्द खरोखर येत असतील तर ‘टीकवुड मंदिर’ म्हणून शोधणाऱ्यांसाठी एखादे वाक्य पानात सहज घालावे, आणि त्यात ‘Teak Wood Mandir’ हे रोमन लिपीतही द्यावे. शब्दांची रास तळाशी रचू नये, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लपवू तर नयेच; तसे करणे गूगलच्या नियमांत गैर आहे. कीवर्ड मेटा टॅग भरण्यातही वेळ घालवू नये, गूगलने 2009 मध्येच तो क्रमवारीत धरत नसल्याचे सांगितले आहे.

मोठ्या कंपन्या नुसत्या ‘फर्निचर’ शब्दावर पुढे असतात आणि तिथे झगडण्यात अर्थ नाही. ‘24 इंची भिंतीवरचा देव्हारा’ शोधणारे थोडे असतात, पण त्यांनी जागा मोजलेली असते. समजा, महिन्यात पान 400 वेळा दिसले, सरासरी स्थान आठवे आणि क्लिक चारच. अशा वेळी आधी शीर्षक तपासावे, कारण निकालात डोळ्यांना तेच भिडते. बदलानंतर काही आठवडे थांबून पुन्हा तेच शब्द पाहावेत. आणि क्लिक येत असूनही फोन येत नसेल, तर शोधाकडे न पाहता पानावर किंमत व घरपोच सोय स्पष्ट दिली आहे का, ते पाहावे.