केव्ही कॅश: मॉडेल साठवतं काय आणि विसरतं काय

समजा, मजकूर लिहिणाऱ्या एखाद्या मॉडेलला ‘इंदूरच्या स्नेहलतागंज भागात’ एवढे शब्द दिले आणि पुढचं वाक्य लिहायला सांगितलं. मॉडेल शब्द वाचत नाही, टोकन वाचतं. शिवाय ते एका वेळी एकच नवं टोकन लिहितं. ते मागच्या मजकुराला जोडायचं, मग त्यापुढचं काढायचं, असं हे काम चालतं. केव्ही कॅश या क्रमातलं वाया जाणारं काम वाचवते. मात्र तिच्याबद्दल काही समज फार पक्के बसले आहेत.

गैरसमज: कॅशमध्ये तयार उत्तरं साठवलेली असतात.

उत्तरं नाहीत आणि शब्दही नाहीत. मॉडेलच्या प्रत्येक थरात प्रत्येक टोकनपासून तीन सदिश तयार होतात: क्वेरी, की आणि व्हॅल्यू. नव्या टोकनची क्वेरी मागच्या सगळ्या कींशी ताडून पाहिली जाते. जिथे जुळणी जास्त, तिथल्या व्हॅल्यूला वजन जास्त. जुन्या टोकनची क्वेरी एकदा वापरली की पुन्हा लागत नाही, म्हणून साठवायच्या त्या फक्त की आणि व्हॅल्यू.

त्या साठवता येतात याचं कारण डिकोडरच्या रचनेत आहे. इथे टोकन फक्त मागे पाहतं, पुढे नाही. ‘भागात’ नंतर काहीही आलं, तरी ‘स्नेहलतागंज’च्या की-व्हॅल्यू बदलत नाहीत. बर्टसारख्या दोन्ही दिशांना पाहणाऱ्या मॉडेलमध्ये नवा शब्द आला की मागचंही सगळं बदलतं, त्यामुळे तिथे ही युक्ती लागू पडत नाही.

बचत किती? १००० टोकनांचा मजकूर देऊन २०० टोकन लिहून घ्यायचे आहेत असं धरा. कॅश नसेल तर दर पावलाला सगळा मजकूर पहिल्यापासून मॉडेलमधून जातो, आणि बेरीज सुमारे २ लाख २० हजार टोकनांवर जाते. कॅश असेल तर सुमारे १२००.

गैरसमज: कॅश लावली की उत्तराचा दर्जा थोडा घसरतो.

गणित तेच राहतं, अंदाजपंचे काही होत नाही. आकडेमोडीचा क्रम बदलल्याने शेवटच्या दशांशात फरक पडू शकतो, एवढंच. कॅशमधले आकडे कमी बिटांत दाबून ठेवले तर दर्जाला धक्का लागू शकतो, पण तो दाबण्याचा परिणाम, साठवण्याचा नव्हे.

गैरसमज: आता प्रत्येक टोकनला सारखाच वेळ लागतो.

नव्या टोकनला मागच्या सगळ्या की-व्हॅल्यू वाचाव्या लागतातच. मजकूर लांबला की हे वाचन वाढतं. पुष्कळदा गणितापेक्षा मेमरीतून आकडे आणण्यातच वेळ जातो. दिलेला मजकूर पहिल्यांदा पचवण्याचं कामही टळत नाही, म्हणून लांबलचक मजकूर दिल्यावर पहिला शब्द उशिरा येतो आणि मग पुढचे भराभर येतात.

गैरसमज: कॅश फुकटात पडते.

सगळ्यात महाग समज हाच. २०२३ साली आलेल्या लामा-२ च्या ७ अब्जी मॉडेलात ३२ थर आहेत, आणि प्रत्येक थरातली की ४०९६ आकड्यांची, व्हॅल्यूही तेवढीच. आकड्याला २ बाइट धरले तर २ × ३२ × ४०९६ × २, म्हणजे दर टोकनला ५१२ केबी. ४०९६ टोकनांची पूर्ण मर्यादा वापरली तर २ जीबी. मॉडेल स्वतः साडेतेरा जीबीच्या आसपास. १६ जीबीच्या कार्डावर असं एक लांब संभाषण कसंबसं बसतं, दोन नाहीत.

मराठीत हा भार आणखी जाणवतो. ‘स्नेहलतागंज’मध्ये काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त धरून ११ चिन्हं आहेत. टोकनायझरने प्रत्येक चिन्ह वेगळं काढलं, तर त्या एका नावाची कॅश साडेपाच एमबी होते.

लामा-३ च्या ८ अब्जी मॉडेलात चार-चार क्वेरी-हेडना मिळून एकच की-व्हॅल्यू जोडी असते. त्यामुळे हाच हिशेब दर टोकनला १२८ केबीवर येतो. शब्दसंग्रहही ३२ हजारांवरून १ लाख २८ हजारांवर गेला, म्हणजे तोच मजकूर सहसा कमी टोकनांत मावतो.

गैरसमज: सुरुवातीचा एखादा शब्द बदलला तर तेवढीच नोंद बदलावी.

पहिल्या थरापुरतं हे जवळपास खरं. वरच्या थरांत मात्र प्रत्येक नोंदीत तिच्या मागच्या मजकुराचा अंश मिसळलेला असतो. ‘इंदूरच्या’ऐवजी ‘इंदुरातल्या’ लिहिलं की तिथपासून पुढची सगळी कॅश टाकून द्यावी लागते. सेवेत सामायिक सूचना आधी आणि वापरणाऱ्याचं नाव किंवा तारीख नंतर ठेवतात ते याचसाठी. वेगवेगळ्या विनंत्यांत सारखा असलेला सुरुवातीचा भाग तरच पुन्हा वापरता येतो.

स्वतः कॅश लिहिणाऱ्यांची नेहमीची चूक स्थानक्रमांकाची असते: नवं टोकन पाचशेव्या जागी असतं, पण कोड त्याला पुन्हा शून्य देतो. तपासायला ट्रान्सफॉर्मर्स लायब्ररीत एकच मजकूर दोनदा चालवावा:

```python
a = model.generate(**x, do_sample=False, use_cache=True)
b = model.generate(**x, do_sample=False, use_cache=False)
```

पहिलं टोकन जुळलं आणि दुसऱ्यापासून दोन्ही उत्तरं एकमेकांपासून भरकटली, तर आधी स्थानक्रमांक पाहावा. बऱ्याच पुढे जाऊन फरक पडला, तर float32 मध्ये पुन्हा चालवून पाहावं; तिथे फरक नाहीसा झाला तर दोष कॅशचा नाही.