कापले दोन लाख चाळीस, मागायचे किती?

हिंजवडीतली एक सॉफ्टवेअर इंजिनीअर डोळ्यांसमोर आणा. महिन्याचा एकूण पगार २,४०,००० रुपये, त्यात बेसिक १,२०,०००. नोटीस पिरियड ९० दिवसांचा, पण नव्या कंपनीला ती ३० दिवसांत हवी आहे. उरलेल्या ६० दिवसांचे पैसे भरले तरच जुनी कंपनी सोडणार. हाच बायआउट.

आधी तिने आपलं नेमणूकपत्र काढून वाचावं. वसुली बेसिकवर असेल तर २,४०,००० रुपये जातील, एकूण पगारावर असेल तर थेट दुप्पट. शिवाय बऱ्याच पत्रांत पैसे भरून लवकर जाण्याची मुभा ‘व्यवस्थापनाच्या मर्जीवर’ ठेवलेली असते. तसं असेल तर पैसे तयार असूनही सुटका होत नाही. म्हणून एचआरकडून रक्कम आणि होकार, दोन्ही ईमेलवर घ्यावेत. वसुलीवर १८ टक्के जीएसटी लावला असेल तर हरकत घ्यावी. अशा वसुलीवर जीएसटी लागत नाही, हे ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकात केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केलं आहे.

आता नव्या कंपनीशी बोलणी. इथे बहुतेक जण कापली जाणारी रक्कमच जॉइनिंग बोनस म्हणून मागतात आणि फसतात. बोनस हा पगारच धरला जातो. ३० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह ३१.२ टक्के कर कापला की २,४०,०००चे हातात १,६५,१२० उरतात. जुनी कंपनी मात्र पूर्ण रक्कम वसूल करते आणि फॉर्म १६मध्ये सहसा ती पगारातून वजाही दाखवत नाही. हातात २,४०,००० यायचे तर मागणी सुमारे ३,४९,०००ची हवी. हा हिशेब कागदावर मांडूनच रिक्रूटरला दाखवावा. तिला लवकर रुजू करून घेण्याची घाई त्यांची आहे आणि हा खर्च एकदाच होणार आहे, त्यामुळे वार्षिक पगार वाढवण्यापेक्षा तो मान्य होणं सोपं जातं. पण हे सगळं ऑफर स्वीकारण्याआधी. राजीनामा दिल्यावर मागणीत जोर राहत नाही.

ऑफर लेटरमध्ये ही रक्कम वार्षिक पगारात मिसळलेली नसावी, वेगळ्या ओळीत असावी. ती कधी मिळणार, तेही लिहून घ्यावं. बोनस पहिल्या पगारासोबत येतो, पण रिलीव्हिंग लेटर मिळवायला पैसे त्याआधी भरावे लागतात. मधला महिना स्वतःच्या खिशातून काढायचा आहे.

आणि परतफेडीचं कलम जरूर वाचावं. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर बोनस परत मागतात, तोही अनेकदा कर कापण्याआधीचा पूर्ण आकडा. म्हणजे हातात २,४०,००० आले तरी परत द्यायचे ३,४९,०००. जितके महिने काम केलं त्या प्रमाणात ही रक्कम घटावी आणि कंपनीनेच काढून टाकलं तर परतफेड नसावी, या दोन ओळी सहीआधी घालून मागाव्यात.