शुगर उतरत नाही? एकदा हिरड्या दाखवा

जयंतीच्या आठवड्यात आपल्या बहुतेक विहारांत आरोग्य शिबिर होते. बीपी मोजतात, बोटाला टोचून शुगर बघतात, डोळे तपासतात. कागदावर आकडा लिहून देतात आणि माणूस घरी जातो. तोंड उघडून हिरड्या बघायला मात्र कोणी सांगत नाही. त्या दोन मिनिटांत काय कळू शकते, हे मला सीताबर्डीच्या एका काकांमुळे समजले.

काका बर्डीच्या मेन रोडवर फुटपाथवर मोजे, रुमाल विकतात. वय बावन्न, मधुमेह आठ वर्षांपासून. त्यांचे एचबीएवनसी 9.6 होते. ही तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवते, आणि बऱ्याच रुग्णांसाठी डॉक्टर ती 7 च्या आसपास ठेवायला सांगतात. काका म्हणाले, गोळ्या घेतो तरी शुगर उतरत नाही. खोदून विचारल्यावर कळले की धंद्याच्या दिवशी दुपारची गोळी हमखास राहते. बोलताना त्यांच्या तोंडाला वास येत होता. घास चावताना खालचे पुढचे दात हलत होते आणि ब्रश केला की रक्त येत होते. एक दाढ त्यांनी आधीच काढून टाकली होती. "सफाई का नाही करून घेतली?" असे मी विचारले, तेव्हा उत्तर आले, "ताई, दात साफ केले का ते ढिले होतेत, मले मालूम हाय."

या समजुतीकडे नंतर येऊ. आधी हे बघू की हिरड्या आणि साखर यांचा एकमेकांशी संबंध काय.

दात आणि हिरडी यांच्या मध्ये एक बारीक फट असते. निरोगी माणसात ती 1 ते 3 मिलिमीटर खोल असते. तिथे जंतूंचा थर साचून कडक झाला, की हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि फटीचा खोल खिसा तयार होतो. आत दाताला धरून ठेवणारे हाड हळूहळू झिजते. याला डॉक्टर पेरिओडॉन्टायटिस म्हणतात. आपल्याकडे पायोरिया म्हणतात. दुखत नाही, म्हणून कळत नाही. दात हलायला लागतो तेव्हा बरेच हाड गेलेले असते.

साखर सतत जास्त राहिली, की हे काम वेगाने होते. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, सूज लवकर ओसरत नाही आणि फाटलेली हिरडी भरून यायला वेळ लागतो. अमेरिकेतल्या अॅरिझोनामधील पिमा या आदिवासी समाजात मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आहे. तिथे झालेल्या अभ्यासांत मधुमेह असलेल्यांना हिरड्यांचा आजार होण्याचा धोका सुमारे तिप्पट आढळला.

त्याच समाजातल्या मधुमेहींवर दोन वर्षे लक्ष ठेवल्यावर उलट बाजूही दिसली. सुरुवातीला ज्यांच्या हिरड्या जास्त खराब होत्या, त्यांची साखर पुढे हाताबाहेर जाण्याची शक्यता अधिक होती. कारण असे, की खिशाच्या आतली बाजू म्हणजे एक उघडी जखमच असते. सगळ्या दातांभोवतीची ही जखम एकत्र मांडली, तर आगपेटीच्या पृष्ठभागाएवढी होऊ शकते. एवढी जखम पायावर असती तर घरचे सगळे दवाखान्यात घेऊन गेले असते. या जखमेतून सूज वाढवणारी रसायने रक्तात जात राहतात. त्यांच्यामुळे शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते, आणि साखर चढते.

मग हिरड्यांवर उपचार केले तर साखर उतरते का? 2022 मध्ये कॉक्रेन या संस्थेने 35 चाचण्या एकत्र तपासल्या. उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी सरासरी 0.43 ने, आणि सहा महिन्यांनी 0.30 ने कमी दिसले. घट लहान आहे, पण खरी आहे. ती गोळीची जागा घेत नाही, गोळीला साथ देते. दुसरी एक गोष्टही लक्षात ठेवावी. 2013 मध्ये अमेरिकेत 514 रुग्णांवर झालेल्या चाचणीत साखरेत काहीच फरक पडला नव्हता. त्यावर जाणकारांचा आक्षेप असा, की उपचारानंतरही त्या रुग्णांच्या हिरड्यांत बरीच सूज उरली होती. म्हणजे सफाई "करून झाली" एवढे पुरत नाही. रक्त थांबले का, खिसा कमी झाला का, हे मोजावे लागते.

काकांना मेडिकल परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात नेले. डॉक्टरांनी खुणा असलेल्या बारीक सळईने प्रत्येक दाताभोवती खोली मोजली. खिसे 5 ते 7 मिलिमीटर निघाले. साखर आधी उतरू द्या, मग सफाई करू, असे ते म्हणाले नाहीत. वरवरची आणि मुळांपर्यंतची सफाई लांबवण्याचे सहसा कारण नसते. हिरडीची शस्त्रक्रिया किंवा इम्प्लांट मात्र साखर आटोक्यात येईपर्यंत पुढे ढकलतात, कारण जखम भरत नाही आणि जंतुसंसर्गाची भीती असते. काकांची सफाई तीन खेपांत, सुन्न करून झाली. प्रत्येक वेळी त्यांना सांगितले होते, की सकाळी या, नेहमीप्रमाणे खा आणि गोळी घ्या. उपाशीपोटी गोळी घेऊन खुर्चीत बसले तर साखर एकदम पडू शकते.

सफाईनंतर दात खरेच थोडे मोकळे वाटले. कडक थराने दातांना जणू गिलाव्यासारखे चिकटवून ठेवले होते, तो निघाला. सूज उतरली आणि फटी दिसू लागल्या. दात ढिला सफाईने होत नाही, तो आधीच ढिला असतो.

तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी झाली. बहुतेक खिसे 4 वर आले होते, पण मागच्या दोन दाढांजवळ अजून 6 होते आणि तिथे रक्त येत होते. एचबीएवनसी 8.9. डॉक्टर म्हणाले, आता खरी अडचण साखरेची आहे. ती अशीच राहिली तर हे दोन खिसे भरणार नाहीत आणि बाकीचे परत उघडतील. मधुमेहाच्या डॉक्टरांनी गोळ्यांची वेळ बदलली, दुपारची गोळी बंद करून सकाळ-संध्याकाळ दिली. आणखी तीन महिन्यांनी आकडा 7.4 होता आणि दाढांचे रक्त थांबले होते. यातले किती गोळ्यांचे आणि किती हिरड्यांचे, हे एका माणसावरून सांगता येत नाही. गेलेले हाडही परत आले नाही. पण उरलेले दात टिकले, आणि आता दर तीन महिन्यांनी ते तपासणीला जातात.

यातून आपल्या शिबिरासाठी तीन प्रश्न निघतात. ब्रश करताना रक्त येते का? एखादा दात हलतो किंवा दातांत नवी फट पडली आहे का? गोळ्या घेऊनही शुगर चढीच राहते का? शुगर जास्त आणि यातले एकही "हो" असेल, तर चिठ्ठी दोन डॉक्टरांच्या नावाने लिहायची, मधुमेहाच्या आणि दातांच्या. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांबाबत जास्त सावध राहा. निकोटीनमुळे हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आजार वाढूनही रक्त दिसत नाही. खर्रा ज्या गालात धरतात, तिथली हिरडी खाली सरकलेली आहे का, हे ओठ बाजूला करून बघा.

पुढच्या शिबिरात शुगरच्या टेबलाशेजारी एक टॉर्च ठेवा.